कॉरिडॉरमधली जाळी आणि स.न.वि.वि.

मैत्रिणींनो, आमच्या पवनीत घर म्हटलं की अजूनही अंगण, ओसरी आणि मागची सांद डोळ्यांसमोर येते. शेजाऱ्याने ओटा वीतभर पुढे काढला की त्याची चर्चा वैनगंगेच्या घाटापर्यंत जाते. जागेवरून होणारी भांडणं आम्हाला नवीन नाहीत. पण आता आपली मुलं नागपूरला, भंडाऱ्याला फ्लॅटमध्ये राहतात, आपणही सहा महिने तिकडे नातवंडं सांभाळायला जातो, आणि तिथे एक वेगळीच जागा आपल्या वाट्याला येते. दाराबाहेरची, चार-पाच फूट रुंदीची, सगळ्यांची आणि म्हणून कोणाचीच नसलेली. तिला सगळे कॉरिडॉर म्हणतात. फ्लॅट घेताना आपण स्वयंपाकघराचा ओटा किती लांब आहे ते बघतो, देवघर कुठल्या दिशेला बसेल ते बघतो. दाराबाहेरचा तो पट्टा मात्र कोणी मोजत नाही. भांडण सुरू झालं की मग टेप निघतो.

नागपुरात माझ्या नात्यातली एक ताई राहते. बारा घरांची, तीन मजल्यांची जुनी इमारत, रीतसर नोंदलेली सहकारी गृहनिर्माण संस्था. तिसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरच्या टोकाला राहणाऱ्या एका कुटुंबाने आपल्या दारापुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी जाळीचं दार बसवलं, त्याला कुलूप घातलं आणि आत चपलांचं कपाट, सायकल, दोन कुंड्या नि कपडे वाळवायचा स्टँड मांडला. कारणही अगदीच चुकीचं नव्हतं. घरात दीड वर्षाचा नातू होता, जिना उघडा होता आणि दोनदा नव्या चपला चोरीला गेल्या होत्या.

पहिले आठ-दहा महिने कोणी काही बोललं नाही. उलट एक-दोघींनी, "छान केलं हो, सुरक्षित झालं," असंही म्हटलं. मग दोन गोष्टी घडल्या. दिवाळीत ते कुटुंब गावाला गेलं असताना त्या बाजूच्या चारही घरांना पाणी देणाऱ्या नळाचा जोड गळू लागला आणि तो बंद करायचा वॉल्व्ह नेमका जाळीच्या आत होता. कुलूप तोडायचं की नाही यावर तासभर वाद, तोवर पाणी जिन्यावरून खाली. शेवटी गच्चीवरची टाकी रिकामी केली तेव्हा कुठे थांबलं. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. समोरच्या घरातल्या आजींना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं. जाळीचं दार बाहेरच्या बाजूला उघडायचं आणि उघडलं की आजींच्या दाराच्या अर्ध्यावर यायचं. त्या दिवशी ते नेमकं उघडं राहिलेलं. स्ट्रेचर सहा फुटांहून लांब असतं, ते आजींच्या दारातून काढून कॉरिडॉरमध्ये वळवायला जागाच उरली नाही. आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिना उतरवला. आजी बऱ्या होऊन घरी आल्या, पण त्यांच्या सुनेने दुसऱ्याच दिवशी कमिटीकडे लेखी तक्रार दिली.

कमिटीने काय केलं? संतापाच्या भरात एक नोटीस टाइप केली. "आपण बेकायदेशीर अतिक्रमण केले असून २४ तासांत न काढल्यास आपले पाणी तोडण्यात येईल व जाळी तोडून खर्च वसूल करण्यात येईल." ही नोटीस त्या घरच्या गृहस्थांच्या नावाने काढली, खाली नोटीस बोर्डावर लावली आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. अर्थातच पलीकडूनही वकिलाचं उत्तर आलं. आणि ते उत्तर, खरं सांगायचं तर, बरंच बरोबर होतं.

ताईने मला फोन केला. मी काही वकील नाही, पण आमच्या महिला मंडळात अर्ज-विनंत्या लिहिता लिहिता माझा हात बसलेला आहे. शिवाय संस्थेचे उपविधी वाचायला लागतात ते डोळे, पदवी नाही. मी दोन दिवस तिकडे गेले.

पहिला प्रश्न मी विचारला तो असा, "फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. भाग दाखल्याचं रजिस्टर काढलं तर सभासद म्हणून नाव होतं बाईंचं. गृहस्थ संस्थेचे सभासदच नव्हते! म्हणजे ज्यांना नोटीस दिली त्यांना ती द्यायचीच नव्हती आणि जिला द्यायची होती तिला कमिटीने विचारलंही नव्हतं. ही चूक आता अधिकच होणार, कारण २०२१ पासून आपल्या राज्यात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते आणि अनेक घरं त्यासाठी बाईच्या नावावर होतात. नाव आपलं, पण सोसायटीत बोलणार घरचा पुरुष, सही करणारही तोच. नोटीस मात्र कायद्याने सभासदालाच जाते. दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांची नावं घालावीत. म्हणून पत्राचं पहिलं काम एवढंच, की रजिस्टर उघडून नाव बघायचं.

दुसरं काम टेपचं. "बरीच जागा अडवली आहे" या वाक्याला काही किंमत नाही. आम्ही मोजलं. कॉरिडॉरची रुंदी पाच फूट, जाळीपासून टोकाच्या भिंतीपर्यंत सात फूट, म्हणजे पस्तीस चौरस फूट. वॉल्व्ह जाळीच्या आत तीन फुटांवर. जाळीचं दार उघडलं की समोरच्या चौकटीसमोर किती इंच मोकळे राहतात, तेही मोजलं, आणि आजींच्या सुनेला ते आकडे ऐकून रडू आलं. इतके दिवस ती "अडचण होते" एवढंच सांगत होती आणि लोक तिला भांडकुदळ ठरवत होते. मग संस्थेकडचा मंजूर नकाशा काढला. त्यात ती जागा स्पष्टपणे सामायिक कॉरिडॉर म्हणून दाखवलेली होती, टोकापर्यंत.

इथे त्या गृहस्थांचा मुख्य मुद्दा आला. म्हणाले, "बिल्डरनं आम्हाले लिहून देल्लं आहे जी, की पुढची जागा तुमचीच. त्याचे पैसेही घेतले." कागद खरा होता. साध्या कागदावर बिल्डरची सही. आपल्याकडे असे कागद घराघरात आहेत, म्हणून याबद्दल थोडं सविस्तर सांगते. सामायिक जागा वेगळी काढून विकण्याचा अधिकार बिल्डरकडे नसतो. मुंबईतल्या दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० ला निकाल दिला, की इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा हा सामायिक भाग आहे आणि बिल्डर ती स्वतंत्रपणे विकू शकत नाही. तो खटला पार्किंगचा होता, कॉरिडॉरचा नाही, पण तर्क तोच. जिथून सगळ्यांना जावं लागतं ती जागा तर त्याहून जास्त सगळ्यांची. २०१६ च्या रेरा कायद्यातही सामायिक क्षेत्राच्या व्याख्येत जिने, लिफ्ट, त्यांच्या लॉबी आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचे मार्ग मोजून लिहिले आहेत. त्या कागदाचे पैसे परत मागायचे असतील तर ते बिल्डरकडे मागावेत, शेजाऱ्याच्या वाटेतून वसूल करू नयेत.

एक फरक मात्र आपल्या विदर्भातल्या वाचकांनी लक्षात घ्यावा. नागपूरकडे बऱ्याच इमारती सहकारी संस्था नसतात, तर १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असतात. तिथे खरेदीखताला अपार्टमेंट डीड म्हणतात. त्या कायद्यातही सामायिक भागांच्या यादीत कॉरिडॉर, लॉबी आणि जिने नावानिशी आहेत आणि प्रत्येक फ्लॅटधारकाचा त्यात अविभक्त हिस्सा आहे. अविभक्त म्हणजे तुकडा पाडता येत नाही. तुमची इमारत यातल्या कुठल्या कायद्याखाली आहे हे आधी बघा, कारण पत्र सारखंच असलं तरी पत्रानं काम झालं नाही तर पुढचा रस्ता वेगळा असतो.

आता नियमाबद्दल. २०१४ च्या आदर्श उपविधींत १६९ व्या उपविधीत सामायिक आणि मोकळ्या जागांविषयी लिहिलं आहे. अशी जागा कोणाही सभासदाने स्वतःच्या वापरासाठी घ्यायची नाही, घेतली असेल तर सोडायची, आणि जितका काळ वापरली तितक्या काळासाठी दरमहा देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम संस्थेला द्यायची. या इमारतीत महिन्याला सहाशे रुपये देखभाल होती. म्हणजे महिन्याला तीन हजार. वर्षाचे छत्तीस हजार. कमिटीतले एक काका हा आकडा ऐकून खूश झाले, "मंग लावा न!" मी म्हटलं, थांबा. आधी आपल्या संस्थेने हे उपविधी स्वीकारून नोंदवून घेतले आहेत का ते बघा. काही जुन्या संस्थांकडे अजून जुनेच पुस्तक असते, त्यात क्रमांक वेगळा, मजकूरही वेगळा. या संस्थेने स्वीकारले होते, नशीब. पण पहिल्याच पत्रात पैसा मागायचा नाही हे माझं ठाम मत आहे. पैसा मागितला की समोरचा माणूस जाळीबद्दल विचार करणं सोडून देतो आणि पैशाबद्दल विचार करू लागतो. आपल्याला जागा हवी आहे, छत्तीस हजार नको आहेत.

तिसरं काम कमिटीला सर्वांत जड गेलं. मी सगळ्या मजल्यांवरून फिरून आले. पहिल्या मजल्यावर सेक्रेटरींच्याच दारापुढे चपलांचं उभं कपाट होतं. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर गॅसची रिकामी टाकी आणि जुना कूलर. तळमजल्यावर मीटरच्या पेटीसमोर स्कूटर. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना हे सगळं दिसत नव्हतं का? त्या रोज तिथूनच तर खाली उतरत होत्या. एका घराला नोटीस आणि दुसऱ्याला सूट, असं पत्र पहिल्याच प्रश्नात गळून पडतं. शिवाय कुलूपबंद जाळी आणि चपलांचं कपाट यात फरक असला तरी स्ट्रेचर नेताना दोन्ही आडवीच येतात. मी कमिटीला सांगितलं, आधी खालून वर सगळं मोकळं करा, तारीख लिहून फोटो काढून ठेवा, मगच पत्र द्या. दोन जण नाराज झाले. सेक्रेटरींच्या सौंनी मात्र त्याच संध्याकाळी कपाट आत घेतलं आणि मला चहाही दिला.

हे फार किरकोळ वाटत असेल तर २२ ऑगस्ट २०१८ ची परळच्या क्रिस्टल टॉवरची आग आठवा. चार जण गेले. आगीपेक्षा धूर आधी पोचतो, आणि तो साठतो जिन्यात नि कॉरिडॉरमध्येच. त्या दिवशी दहा वर्षांच्या झेन सदावर्ते या मुलीने शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितलं म्हणून पुढे तिला शौर्य पुरस्कार मिळाला. धुरात डोळे मिटलेला माणूस भिंतीला हात लावत सरकतो. त्या भिंतीला सायकल आणि कुंडी लागली की तो पडतो आणि त्याच्या मागचेही पडतात. आपण बिल्डरला विचारतो की अग्निशमनची व्यवस्था आहे का. तेव्हा दारापुढचा मोकळा कॉरिडॉर ही त्यातली पहिली व्यवस्था आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

मग आम्ही पत्र लिहिलं. आधी कमिटीच्या सभेत ठराव घेतला, कारण सेक्रेटरी स्वतःच्या मनाने नोटीस काढत नाहीत, कमिटीच्या वतीने काढतात. जुनी नोटीस त्याच ठरावात मागे घेतली. बोर्डावरून आणि ग्रुपवरूनही काढली. पत्र असं होतं. नावं गाळून देते, तुम्हाला उपयोगी पडेल.

"प्रति, सौ. …, सभासद, सदनिका क्रमांक …

विषय : तिसऱ्या मजल्यावरील सामायिक कॉरिडॉर मोकळा करण्याबाबत.

स.न.वि.वि.

संस्थेच्या दिनांक … च्या कमिटी सभेतील ठराव क्रमांक … नुसार हे पत्र आपणांस देत आहोत. या विषयावर यापूर्वी दिलेली नोटीस संस्थेने मागे घेतली आहे. तिच्यातील भाषेबद्दल कमिटी दिलगीर आहे.

आपल्या सदनिकेच्या दारापुढे कॉरिडॉरमध्ये लोखंडी जाळीचे दार बसवलेले असून त्यामुळे पाच फूट रुंद व सात फूट लांब एवढा भाग बंद झाला आहे. मंजूर नकाशात हा भाग सामायिक कॉरिडॉर आहे. नकाशाची प्रत, मोजमाप आणि फोटो सोबत जोडले आहेत. या भागात चार सदनिकांचा पाण्याचा वॉल्व्ह आहे. तसेच दार बाहेर उघडल्याने समोरील सदनिकेतून आजारी व्यक्तीला बाहेर नेताना अडचण झाली आहे.

लहान मुलाची सुरक्षितता आणि चपलांची चोरी या आपल्या अडचणी कमिटीला मान्य आहेत. त्यांवर कमिटीने काय करायचे ठरवले आहे ते सोबतच्या टिपणात लिहिले आहे.

संस्थेच्या उपविधी क्रमांक १६९ नुसार सामायिक जागा स्वतःच्या वापरासाठी घेता येत नाही. आपण जाळी व आतील सामान दिनांक … पर्यंत, म्हणजे हे पत्र मिळाल्यापासून एकवीस दिवसांत काढावे, तसेच भिंतीची व फरशीची छिद्रे बुजवून द्यावीत, ही विनंती. तोपर्यंत जाळीचे कुलूप न लावता ठेवावे, म्हणजे वॉल्व्हपर्यंत कधीही जाता येईल.

आपल्याला काही सांगायचे असल्यास किंवा या जागेवर हक्क दाखवणारा कागद असल्यास दिनांक … रोजी सायंकाळी सहा वाजता कमिटीसमोर यावे किंवा लेखी कळवावे. संस्थेचे उपविधींतील व कायद्यातील हक्क राखून हे पत्र दिले आहे.

आपली नम्र, सेक्रेटरी, कमिटीच्या वतीने."

या पत्रात "अतिक्रमण" हा शब्द कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दाम टाळला. तो शब्द निर्णय आहे आणि निर्णय द्यायचा अधिकार कमिटीकडे नाही. "जाळीमुळे पाच बाय सात फूट बंद झाले" हे मात्र कोणीही येऊन मोजू शकतं. मऊ भाषेतही तारीख कडक आहे. "लवकरात लवकर" लिहिलं असतं तर ते पत्र पुढच्या दिवाळीपर्यंत फ्रिजवर चुंबकाखाली राहिलं असतं. शेवटचं "हक्क राखून" हे वाक्य दिसायला रूक्ष आहे, पण तेवढंच पुढे कामाला येतं, नाहीतर पलीकडून म्हणतात, की संस्थेने तर फक्त विनंती केली होती. आणि कुलूप काढण्याची ओळ माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, कारण एकवीस दिवसांच्या आत कोणी आजारी पडणार नाही याची हमी कोण देणार?

टिपणात काय होतं? त्या घराने स्वतःच्या चौकटीच्या आत, म्हणजे स्वतःच्या हद्दीत, लहान मुलांसाठीचं बुटकं दार बसवावं. त्याला संस्थेची हरकत नाही. जिन्याच्या तोंडाशी कुलूपबंद दार लावायचं नाही, पण खालच्या मुख्य दाराला आपोआप बंद होणारा पट्टा लावायचा, म्हणजे चपलाचोर वर येणार नाही. चपला ज्याने त्याने आत ठेवायच्या. ही सगळी मिळून काही हजारांची कामं, संस्थेच्या निधीतून. काही सभासदांनी सुचवलं, की कॉरिडॉरच्या कठड्यावर काचेच्या सरकत्या खिडक्या लावू, म्हणजे धूळही येणार नाही. त्याला मी विरोध केला. उघडा कठडा हीच धूर बाहेर जायची वाट असते.

पत्र द्यायलाही रीत लागते. दोन प्रती काढल्या, एक त्यांना दिली आणि दुसरीवर पोच घेतली, तारीख नि वेळेसह. सही द्यायला कोणी नाही म्हटलं तर भांडू नये, तेच पत्र पोस्टाने पाठवावं. पूर्वी आपण रजिस्टर पोस्ट करायचो, ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं, म्हणून आता पोचपावतीसह स्पीड पोस्ट करायचं आणि पावती फाइलला लावायची. पत्र घेऊन दोन बायका गेल्या, ताई आणि सेक्रेटरींच्या सौ. पुरुष कोणी गेलं नाही. सभासद बाई होत्या, पत्र त्यांच्या हातात दिलं. ताई सांगते, त्यांनी दारातच वाचलं, पूर्ण वाचलं आणि एकच वाक्य बोलल्या, "माझ्या नावानं पहिल्यांदाच कोणी काही लिहिलं." मग म्हणाल्या, "आजींच्या त्या रात्रीबद्दल आम्हाले कोणी सांगतलंच नाही वो." खरंच सांगितलं नव्हतं. त्या रात्री ते घरात झोपलेले होते, आणि सकाळपासून इमारतीत सगळ्यांनी त्यांच्याशी अबोला धरला होता.

कुलूप त्याच दिवशी निघालं. जाळी एकवीस दिवसांत निघाली नाही. गृहस्थ सभेला आले, बिल्डरचा कागद दाखवला, तासभर बोलले. कमिटीने ऐकून घेतलं, कागदाची प्रत घेतली आणि उत्तर पुन्हा लेखी दिलं, की हा कागद बिल्डरचा आहे, संस्थेचा नाही, आणखी पंधरा दिवस देतो. पस्तिसाव्या दिवशी वेल्डर आला.

आता कोणी म्हणेल, तुमचं जमलं म्हणून ठीक. नाही जमलं तर? तेव्हाही कमिटीने स्वतः जाळी तोडायची नाही आणि पाणी तोडायची धमकी तर मुळीच द्यायची नाही. पाणी तोडलं की कमिटीच कायद्याच्या कचाट्यात सापडते आणि जाळीचा विषय बाजूला पडतो. सहकारी संस्था असेल तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा करता येतो. निबंधकांच्या कार्यालयात अर्ज देऊन लोक महिनोन्‌महिने चकरा मारतात आणि शेवटी त्यांना सांगितलं जातं, की हा वाद न्यायालयाचा आहे. अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असेल तर रस्ता वेगळा असतो. नुसतं जाळीचं दार नसून विटांची भिंत किंवा पक्कं बांधकाम केलं असेल तर मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम म्हणून महापालिका किंवा आपल्यासारख्या गावात नगर परिषदेलाही कळवता येतं, त्यांना १९६६ च्या नगररचना कायद्याने नोटीस काढायचे अधिकार आहेत. या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न विचारतात तो हाच, "तुम्ही त्यांना लेखी कळवलं होतं का? केव्हा? कोणाला?" तेव्हा पोच असलेली ती प्रत समोर ठेवायची असते.

एक अडचण या पत्राने सुटत नाही, तीही सांगते. जाळी पंधरा-वीस वर्षांची असेल, मधे तीन कमिट्या बदलल्या असतील आणि कोणी कधी एक ओळही लिहिली नसेल, तर समोरचा म्हणणारच, की सगळ्यांच्या संमतीने झालं. सामायिक जागा त्याने कोणाची होत नाही, पण भांडण लांबतं. म्हणून माझं मत असं, की जाळी लागताना दिसली त्याच आठवड्यात कमिटीने दोन ओळींचं पत्र द्यावं. वेल्डर पाईट टाकत असतानाच. त्या वेळी माणसाचा पैसा अजून गुंतलेला नसतो आणि अहंकारही.

जाळी निघाल्यानंतर ताईच्या कमिटीने एक काम केलं जे मला फार आवडलं. मोकळ्या कॉरिडॉरचा फोटो काढून फाइलला लावला, आणि त्या बाईंना आणखी एक पत्र दिलं. तीन ओळींचं. सहकार्याबद्दल आभार, उपविधीप्रमाणे होणारी रक्कम संस्था आकारत नाही असा ठराव झाला आहे, आणि भिंतीची चार छिद्रं राहिली आहेत, ती संस्थाच बुजवून घेईल. तेही पत्र त्यांच्याच नावाने होतं, आणि त्याचीही पोच घेतली.